कढईतलं तेल: १८० च्या वर नाही, दोन दिवसांच्या पुढे नाही

सकाळ आणि दुपार, दोन्ही पाळ्यांच्या आचारी मंडळींना,

गेल्या मंगळवारी दुपारच्या चहाला जी कांदाभजी गेली, ती बाहेरून काळपट आणि आतून ओलसर होती. तक्रारी माझ्याकडे आल्या, त्या मी ऐकून घेतल्या. चूक एकट्याची नाही. तेल कधी बदलायचं आणि किती तापवायचं हे आपल्याकडे आजवर तोंडी चालत होतं, त्यामुळे ज्याला जसं आठवेल तसं तो करायचा. म्हणून हे एकदा नीट लिहून काढतो आहे. थोडं लांबलं आहे, पण नुसता नियम सांगितला तर तो चार दिवस पाळला जातो. कारण कळलं तर माझ्या मागे लागण्याची गरज राहत नाही.

आधी मंगळवारी काय झालं ते सांगतो.

मोठ्या कढईत सोमवारी सकाळी सव्वाआठला बारा लिटर नवीन पामोलिन भरलं. सकाळच्या चहाचे वडे साडेदहापर्यंत तळून झाले, शेगडी बंद झाली. दुपारी अडीच ते साडेचार पुन्हा तळण. म्हणजे सोमवारी तेल साधारण सव्वाचार तास तापलेलं होतं. मंगळवारी सकाळी तेल किती बिघडलं ते दाखवणाऱ्या मीटरवर १५ आलं, सगळं ठीक. नंतर पाऊस लागला. भोसरीत पाऊस लागला की भजीची मागणी कशी वाढते ते तुम्हाला मी काय सांगू! साडेदहाला शेगडी बंद करायची ती "दुपारी परत लागणारच आहे" म्हणून चालूच राहिली. घाई होती म्हणून आचही मोठीच होती. सव्वातीनला मी आत आलो तेव्हा कढईवर पांढरट फेस चढला होता आणि डोळे चुरचुरत होते. थर्मामीटर घातला तर २०५. तळण थांबवून, तेल जरा निवू देऊन मीटर लावला तर २३.

आता हिशोब बघा. ठरल्याप्रमाणे चाललं असतं तर मंगळवारी सव्वातीनपर्यंत त्या तेलाचे तापलेले तास झाले असते सव्वासात. प्रत्यक्षात झाले सव्वाअकरा, कारण मधल्या चार तासांत एक वडासुद्धा तळला नाही, पण तेल मात्र तापत राहिलं. कॅलेंडरवर ते तेल दुसऱ्या दिवसाचं होतं. कढईत ते म्हातारं झालं होतं.

मीटरवरचा आकडा म्हणजे काय

तेल तापलं की त्यावर तीन बाजूंनी मार बसतो. कांद्यातलं, बटाट्यातलं पाणी तेलात उतरतं आणि तेलाचे तुकडे पाडतं. हवेतला ऑक्सिजन त्याला आतून खवट करतो. आणि जास्त उष्णतेने तेलाचे कण एकमेकांना चिकटून जड होतात. कढईच्या काठावर जो पिवळा चिकट थर बसतो आणि काथ्याने घासूनही निघत नाही, तो हाच. या सगळ्यातून जे बिघडलेले पदार्थ तयार होतात त्यांना टोटल पोलर कंपाउंड्स म्हणतात. आपला मीटर त्यांचं शेकडा प्रमाण दाखवतो.

एफएसएसएआयने १ जुलै २०१८ पासून याची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्याच्या पुढचं तेल तळणीला वापरायचं नाही, तो कायदा आहे. आपल्या कॅन्टीनची मर्यादा मी त्याहून खाली ठेवतो आहे. आकडा २० झाला की ती पाळी संपवून तेल काढायचं. २२ झाला तर घाणा अर्ध्यात असला तरी तो काढून घ्यायचा आणि शेगडी बंद करायची. कारण साधं आहे. मीटर दोन अंक इकडेतिकडे दाखवू शकतो. २४ दाखवतोय म्हणजे चालेल असं म्हणत बसलो तर खरा आकडा २६ असू शकतो.

नवीन पामोलिनचा आकडा शून्य नसतो, आठ-नऊ येतो. त्याला घाबरू नका, पामतेलाचा तो स्वभाव आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी डबा उघडला तर तेल गढूळ किंवा थिजलेलं दिसेल, तेही खराब नसतं. पुण्याच्या थंडीत पामोलिन थिजतंच. तापलं की नितळ होतं.

१८० का

ताजं रिफाइंड तेल धूर सोडतं ते साधारण २२० अंशांच्या वर. मग १८० ची मर्यादा कशाला, असं दुपारच्या पाळीच्या काकांनी विचारलं होतं. प्रश्न बरोबर आहे. धूर येईपर्यंत तेलाला काही होत नाही, असा आपला समज असतो. पण तेल बिघडण्याचा वेग ढोबळमानाने दर दहा अंशांना दुप्पट होतो. १८० वरून २०० वर गेलो तर चौपट. म्हणजे २०० वर घालवलेला एक तास तेलाच्या आयुष्यातले चार तास खातो. मंगळवारी नेमकं हेच झालं.

दुसरं कारण खाणाऱ्याच्या पोटाशी आहे. बटाटा, बेसन, मैदा यांच्यात स्टार्च असतो. असे पदार्थ जास्त आचेवर करपले की त्यांत अॅक्रिलामाइड नावाचा घातक पदार्थ जास्त तयार होतो. रंग जितका गडद, तितका तो जास्त. म्हणून वडा सोनेरी असताना काढायचा, तपकिरी होण्याची वाट पाहायची नाही.

आणि तिसरं तुम्हालाच जास्त ठाऊक आहे. फार तापलेल्या तेलात भजी टाकली की वरचं पीठ लगेच पकडतं, कांद्याचं पाणी आत कोंडतं. भजी बाहेर काळी, आत कच्ची. मंगळवारची तशीच होती.

तर १८० हे छप्पर समजा, रोज बसायची जागा नव्हे. बटाटेवड्याला १७० ते १७५ पुरतं, कारण आतली भाजी आधीच शिजलेली असते, फक्त आवरण तळायचं असतं. मेदूवड्यालाही तेवढंच. कांदाभजीला १६५ ते १७०. साबुदाणा वड्यालाही तेवढंच ठेवा, त्याहून गरम तेलात तो फुटतो. समोसा १५० ते १६० वर हळू तळायचा, नाहीतर पारीवर फोड येतात. फक्त पुरीला १८० लागतं, कारण ती झटक्यात फुगायला हवी. म्हणून पुऱ्यांच्या दिवशी छोट्या कढईजवळ थर्मामीटर घेऊन कोणीतरी उभं राहिलंच पाहिजे.

तापमान नीट कसं बघायचं

भिंतीवर लटकवलेली लाल ठिपका दाखवणारी गन कढईसाठी वापरू नका. ती फक्त वरचा पापुद्रा मोजते, आणि वाफ व तेलाची चकाकी तिला फसवतात. कढईसाठी लांब दांडीचा थर्मामीटर. आधी झाऱ्याने तेल एकदा खालीवर करा, कारण तळाशी आणि वर दहा-पंधरा अंशांचा फरक सहज असतो. मग दांडी मधोमध, दोन-तीन इंच आत धरा. बूड किंवा काठ लागू देऊ नका. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.

थर्मामीटर खरं बोलतोय का, हे दर सोमवारी सकाळी तपासायचं. चहाच्या पातेल्यात साधं पाणी खळखळ उकळवा आणि त्यात दांडी धरा. आता इथे एक गंमत आहे. पुस्तकात पाणी १०० ला उकळतं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे आपल्याकडे ते ९८ च्या आसपासच उकळतं. म्हणून थर्मामीटरने ९८ दाखवलं तर तो ठणठणीत आहे. मागच्या महिन्यात कोणीतरी तो दोन अंश कमी दाखवतो म्हणून फिरवून १०० वर आणून ठेवला होता. म्हणजे पुढचे काही दिवस आपण सगळं तेल दोन अंश जास्त मोजत होतो. ९५ किंवा १०१ दाखवला तर मला सांगा, स्वतः फिरवू नका.

थर्मामीटर बंद पडला तर तुमची जुनी पद्धत आहेच. पिठाचा एक थेंब सोडा. खाली जाऊन लगेच बुडबुड्यांसकट वर आला आणि पाच-सात सेकंद पिवळाच राहिला तर तेल ठीक. बुडाशी बसून राहिला तर थंड. पडताक्षणी वरच नाचून लाल झाला तर आच लगेच कमी करा. पण ही पद्धत वेळ मारून नेण्यापुरती. १७५ आणि १९० मधला फरक थेंबावरून कोणालाच कळत नाही, मलाही नाही.

घाणा किती मोठा

आच वाढवण्याचा मोह खरा कशामुळे होतो, तर कढई भरभरून घाणा टाकल्यामुळे. गेल्या शुक्रवारी मी मोठ्या कढईवर उभा राहून मोजून पाहिलं. तेल १७५ वर असताना २० वडे सोडले, म्हणजे साधारण १४०० ग्रॅम, तर तेल १५८ पर्यंत उतरलं आणि दीड-दोन मिनिटांत पुन्हा १७० च्या वर आलं. मग ३५ सोडले. तेल १४० च्या खाली गेलं आणि वडे निघेपर्यंत वर आलंच नाही. ते वडे कागदावर ठेवले तर कागद आरपार दिसत होता. थंड तेलात वडा तेल पितो. आणि आपण काय करतो? आच पूर्ण वाढवतो. घाणा निघाला की रिकामी कढई पाच मिनिटांत २०० च्या पुढे.

म्हणून मोठ्या कढईत एका वेळी वीस वडे, जास्तीत जास्त बावीस. भजीही तेवढ्याच वजनाची. पावसाच्या दिवशी रांग लांबली तर दुसरी कढई लावा, आच वाढवू नका. गॅस थोडा जास्त जाईल, चालेल. घाणा काढताना झाऱ्याबरोबर आचही कमी करायची सवय लावा: झारा वर, बटण खाली. पुढचा घाणा सोडला की पुन्हा वर.

तेल बदलण्याचा क्रम

एफएसएसएआयचा सल्ला असा आहे की एकच तेल पुन्हा पुन्हा तापवणं टाळावं, आणि वापरलंच तर जास्तीत जास्त तीन वेळा. आपला क्रम त्यातच बसवला आहे. मोठ्या कढईत सोमवारी सकाळी नवीन तेल. त्यानंतर सोमवार दुपार, मंगळवार सकाळ, मंगळवार दुपार. एक पहिली वेळ आणि तीन पुढच्या. मंगळवारी संध्याकाळी ते तेल कढईतून गेलंच पाहिजे, मीटर १६ दाखवत असला तरी. बुधवारी पुन्हा नवीन, शुक्रवारी पुन्हा नवीन. शनिवारी एकच पाळी असते, ती शुक्रवारच्या तेलावर निघते. शनिवारी तळण संपलं की ते तेलही काढायचं, रविवारी कढईत काही ठेवायचं नाही.

यात तीन अटी आहेत, जी आधी येईल ती लागू: दोन दिवस झाले, तापलेले दहा तास झाले, किंवा मीटर २० ला पोचला. दहा तास मोजता यावेत म्हणून शेगडी पेटवल्याची आणि विझवल्याची वेळ वहीत लिहायची. तेवढं लिहिलं असतं तर मंगळवारी दोन वाजताच लाल खूण दिसली असती. आणि दोन तळणांमध्ये वीस मिनिटांहून जास्त अंतर असेल तर शेगडी बंद. "परत तापायला वेळ लागतो" हे मला मान्य आहे. बारा लिटर तेल १७० ला यायला आपल्या शेगडीवर पंधरा-वीस मिनिटं लागतात. मग अडीचच्या तळणाला दोन वाजून दहा मिनिटांनी पेटवा.

छोट्या कढईचा क्रम वेगळा आहे. तिच्यात पुऱ्या, पापड आणि उपवासाच्या दिवशी साबुदाणा वडे. साबुदाणा वड्याला नेहमी नवीन तेल, आणि त्यात त्याआधी कांदा-लसणाचं काहीही पडलेलं नको. हा प्रश्न आरोग्याचा नाही, खाणाऱ्याच्या उपवासाचा आहे, आणि त्यात तडजोड नाही. गुरुवारी साबुदाणा वडे झाले की तेच तेल दुपारी पुऱ्यांना चालेल. उलट क्रम कधीच नाही.

वरून तेल ओतण्याबद्दल

याबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण मंगळवारी मी २३ वाचल्यावर एकाने लगेच नवा डबा फोडायला घेतला होता. "साहेब, तीन लिटर ओततो, सरळ होईल." मी त्यांना पाटीवर हिशोब मांडून दाखवला. कढईत तेव्हा नऊ लिटर उरलं होतं, आकडा २३. त्यात ९ आकड्याचं तीन लिटर नवीन ओतलं की बारा लिटरचा सरासरी आकडा येतो साडेएकोणीस. मीटर खूश, आपण खूश. पण ते बिघडलेलं नऊ लिटर कुठे गेलं? तिथेच आहे. आणि नव्या तीन लिटरलाही ते आपल्याबरोबर घेऊन जातं, विरजण दुधाला लावावं तसं. संध्याकाळपर्यंत आकडा परत तिथेच, आणि आता फेकायला बारा लिटर.

वड्यांबरोबर तेल कमी होतं, त्यामुळे कढईच्या आतल्या खुणेपर्यंत वर ओतणं चालेल. फक्त आकडा २० च्या खाली असतानाच. आणि वर ओतलं म्हणून दहा तासांचं घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही.

मीटर लावण्याची रीत

शेवटचा घाणा काढा, चुरा झाऱ्याने काढून घ्या, आच मंद करा आणि पाच मिनिटं थांबा. तेलात बुडबुडे असतील तर आकडा चुकीचा येतो, कारण मीटर त्या पाण्यालाही मोजतो. तेल १५० ते १८० च्या मध्ये असावं. दांडीवरच्या दोन खुणांच्या मध्ये तेल येईल एवढंच बुडवा, सावकाश ढवळा, काठाला लावू नका. आकडा थांबला की वहीत लिहा. दांडी कोरड्या कागदाने पुसा. गरम दांडी नळाखाली धरली की ती गेलीच समजा, आणि ती स्वस्त नाही.

मीटर हातात नसेल तेव्हा तेल स्वतः सांगतं. १७५ वरच धूर दिसायला लागला, घाणा काढल्यावरही फेस विरत नाही, झाऱ्यावरून तेल थेंबाऐवजी तारेसारखं ओघळतं, वास माशासारखा किंवा रंगासारखा येतो. यातलं एक जरी दिसलं तरी वहीतला आकडा विसरा आणि मला बोलवा. नुसता काळा रंग मात्र पुरावा नाही. हळद-तिखटाचं पीठ पडलं की चांगलं तेलही गडद दिसतं.

रोज संध्याकाळी

शेगडी बंद केल्यावर तेल ६० अंशांच्या खाली येऊ द्या, मग मलमलच्या दुहेरी फडक्यातून स्टीलच्या झाकणाच्या पिंपात गाळा. गरम गाळायची घाई नको. मागे एकाचा हात भाजला होता. गाळणं टाळू नका. तळाला बसलेला बेसनाचा चुरा दुसऱ्या दिवशी करपतो, आणि एकदा करपला की तेल झपाट्याने बिघडतं, वर नव्या घाण्याला काळे ठिपके लागतात. दिवसभरातही दर तीन-चार घाण्यांनी बारीक झाऱ्याने चुरा काढत राहा.

कढई साबणाने घासली तर तीन पाण्यांनी धुवा आणि शेगडीवर पूर्ण कोरडी करा. साबणाचा अंश राहिला की नवं तेलही फेसाळतं. याच कारणाने भजीच्या पिठात सोडा जपून. मूठभर सोड्याने भजी फुगते खरी, पण तेल लवकर जातं. मीठ कढईवर धरून भुरभुरायचं नाही, परातीत भुरभुरा. आणि पितळेचा झारा कढईत नको. पितळेतलं तांबं तेल बिघडवण्यात पुढे असतं.

काढलेलं तेल फोडणीला, पोळ्यांना किंवा कालवणाला वापरायचं नाही. मोरीतही ओतायचं नाही, गेल्या वर्षी चोकअप काढायला किती गेले ते माझ्याकडे लिहिलेलं आहे. ते मागच्या निळ्या ड्रममध्ये जाईल आणि अधिकृत संकलकाला दिलं जाईल. तो ते बायोडिझेलला पाठवतो. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला लागणाऱ्यांवर १ मार्च २०१९ पासून अशी नोंद ठेवणं बंधनकारक आहे. आपण त्याखाली असलो तरी ड्रममध्ये किती लिटर गेलं ते वहीत लिहायचं. बाहेर कोणी "किलोमागे चांगला भाव देतो" म्हणून आलं तर त्याला माझ्याकडे पाठवा. असं तेल नितळ करून परत कुठल्या तरी गाडीवर कढईत जातं, आणि त्यात आपला हात नको.

वही चहाच्या खिडकीशेजारी खिळ्याला अडकवली आहे. रकाने पाच: तारीख व कढई, पेटवली-विझवली, जास्तीत जास्त तापमान, मीटर, सही. सकाळच्या पाळीने विझवल्यावर भरायचं, दुपारच्याने गाळल्यावर. पोळ्यांच्या मावशींना लिहायचं नसेल तर त्यांनी आकडा सांगावा, मदतनीस लिहील. पेन दोऱ्याने बांधलं आहे, ते कृपया तिथेच राहू द्या. बुधवारी सकाळी नवा डबा फोडायच्या आधी मी साडेसातला येतो, पहिली नोंद आपण मिळून करू.